बिलाच्या ओळीवरचा जीएसटी: तीन दर साठवावेत की एकच?

बिलिंगची प्रणाली नव्याने बसवताना हा निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो. एक पद्धत अशी की मालाच्या यादीत प्रत्येक वस्तूसमोर सीजीएसटी, एसजीएसटी आणि आयजीएसटी असे तीन दर लिहून ठेवायचे. दुसरी अशी की एकच पूर्ण दर ठेवायचा आणि त्याची फोड बिल बनताना करायची. माझा कौल दुसऱ्या पद्धतीला आहे. ई-इनव्हॉइसच्या रचनेतही प्रत्येक ओळीला `GstRt` हा एकच दर असतो, फक्त रकमा `CgstAmt`, `SgstAmt` आणि `IgstAmt` अशा वेगळ्या जातात.

पुण्यातला एक तयार कपड्यांचा घाऊक व्यापारी घेऊ. तो पुरुषांचे सुती शर्ट विकतो, एचएसएन 6205. नगाला 2,400 रुपये भावाने तीन शर्ट, म्हणजे करपात्र रक्कम 7,200. दर 5 टक्के, कर 360. ग्राहक नाशिकचा असेल तर 180 सीजीएसटी आणि 180 एसजीएसटी, पणजीचा असेल तर 360 आयजीएसटी. इथवर दोन्ही पद्धती सारख्याच चालतात.

आता पणजीच्या व्यापाऱ्याने माल मागवला, पण सांगितलं की तो थेट माझ्या नाशिकच्या गिऱ्हाइकाकडे पोचवा. माल महाराष्ट्राबाहेर गेलाच नाही. तरीही आयजीएसटी कायद्याच्या कलम 10(1)(ख) प्रमाणे पुण्याच्या बिलासाठी पुरवठ्याचं ठिकाण गोवा ठरतं आणि आयजीएसटी लागतो. तीन दरांच्या पद्धतीत कोणता रकाना वापरायचा हे बऱ्याचदा बिल करणारा माणूस पत्ता पाहून ठरवतो, आणि इथे तो नाशिक पाहून सीजीएसटी-एसजीएसटी लावतो. चुकीच्या खात्यात कर गेला की योग्य कर नव्याने भरायचा आणि आधीचा परत मागायचा. त्यावर व्याज लागत नाही, पण पैसा मात्र अडकून पडतो. एकाच दराच्या पद्धतीत हा निर्णय एका जागी, नियमाने होतो; इथे `pos` म्हणजे पुरवठ्याचं ठिकाण:

```
if pos == seller_state and not sez:
    cgst = round2(taxable * rate / 200)
    sgst = cgst
else:
    igst = round2(taxable * rate / 100)
```

`sez` म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राची अट विसरू नका. अंधेरीच्या सीप्झमधल्या कंपनीला मुंबईतून माल दिला तरी तो आंतरराज्य पुरवठाच मानला जातो.

वरच्या कोडमध्ये `sgst = cgst` मुद्दाम लिहिलं आहे. 333 रुपयांवर 5 टक्के म्हणजे 16.65. त्याचे सरळ दोन भाग केले तर 8.33 आणि 8.32 होतात. दोन्ही दर समान असताना रकमा वेगळ्या दिसणं चूक आहे. म्हणून अर्ध्या दराने एक रक्कम काढून तीच दुसरीकडे लिहावी. बेरीज 16.66 होते, एका पैशाचा हा फरक चालतो.

खरी कसोटी दराच्या पडताळणीत लागते. एचएसएनसमोर दर असलेला साधा तक्ता अनेक मालांना पुरतो, कपड्यांना पुरत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून नगाला 2,500 रुपयांपर्यंतच्या शर्टवर 5 टक्के आणि त्यापुढे 18 टक्के कर आहे. कोड दोन्हीकडे 6205 च. 2,700 रुपयांच्या शर्टवर बिलातच 10 टक्के सूट दिली तर विक्रीमूल्य 2,430 होतं आणि कर 121.50 बसतो. पण सूट बिलाच्या तळाशी एकत्र वजा होत असेल, तर पडताळणीला 2,700 दिसतात आणि ती 18 टक्के बरोबर धरते, म्हणजे 486 रुपये. म्हणून सूट आधी ओळीवर वाटावी, मग नगाचा भाव काढावा आणि त्यानंतरच दर तपासावा.

तक्त्यात तारखाही हव्यात. ऑगस्ट 2025 मध्ये 1,800 रुपयांचा शर्ट 12 टक्क्यांनी विकला गेला. तो आज परत आला तर क्रेडिट नोट 12 टक्क्यांनीच निघते, 5 ने नाही. जुना दर पुसून नवा लिहिला असेल तर हा हिशेब जुळत नाही. त्यामुळे प्रत्येक ओळीत कोड, नगाच्या भावाची मर्यादा, दर, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ ठेवावं आणि परताव्याच्या वेळी मूळ बिलाच्या तारखेने शोध घ्यावा. तीन दरांच्या यादीत हाच बदल प्रत्येक वस्तूला तीन ठिकाणी करावा लागतो. सीजीएसटी 2.5 झाला आणि एसजीएसटी 6 च राहिला, अशा नोंदी तिथूनच येतात.

फक्त काउंटरवर विक्री करणाऱ्या, मोजकाच माल असलेल्या दुकानाला तीन दरांची यादी आजही चालेल. परराज्यातली पहिली ऑर्डर आली की मात्र ती बदलावी, आणि बदलताना जुन्या बिलांवरचे दर जसेच्या तसे ठेवावेत.