डॉक्टर इंग्रजीत, आई मराठीत: मधल्या माणसाने सारांश सांगावा की वाक्य-वाक्य?

बेंगळुरू किंवा चेन्नईच्या तज्ज्ञांना एकदा प्रत्यक्ष दाखवून आलं की पुढची विचारपूस बरेचदा व्हिडिओ कॉलवरच होते. डॉक्टर इंग्रजी बोलतात, आईला मराठीच कळतं आणि मध्ये मुलगा नाहीतर सून बसते. हा कॉल दोन रीतींनी चालवता येतो. एकीत घरचा माणूसच डॉक्टरांशी बोलतो, लागेल तेव्हा आईला विचारतो आणि शेवटी तिला थोडक्यात सांगतो. दुसरीत डॉक्टर दोन वाक्यं बोलून थांबतात, त्यांचं मराठी होतं, आई उत्तर देते आणि तिच्या उत्तराचं इंग्रजी होतं.

वेळ बघितला तर पहिली रीत सोयीची. वाक्य-वाक्य सांगताना प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाते, त्यामुळे पंधरा मिनिटांच्या कॉलमध्ये खरं बोलणं सात-आठ मिनिटांचंच होतं. फक्त रिपोर्ट दाखवायचे असतील, आईला फार कमी ऐकू येत असेल किंवा विस्मरणाचा आजार असेल, तर सारांशच बरा.

तरीही माझा कल दुसरीकडे आहे, आणि त्याला कारण एकच. सारांशाच्या रीतीत घरचा माणूस न विचारताच उत्तर देऊन मोकळा होतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या सत्तरीतल्या बाईंचं उदाहरण घ्या. डॉक्टर विचारतात, "उभं राहताना चक्कर येते का?" सून लगेच सांगते, "नाही, तसं काही नाही." ती खोटं बोलत नसते, सासूबाईंनी तिच्यापाशी चक्कर हा शब्द कधी काढलेलाच नसतो. हाच प्रश्न सासूबाईंपर्यंत पोचला तर त्या म्हणतात, "चक्कर नाही गं, पण पहाटे मोरीकडे जाताना भिंतीला धरावं लागतं." हे वाक्य आहे तसं इंग्रजीत गेलं की डॉक्टरांचा पुढचा प्रश्नच बदलतो. ते पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्यायला सांगतात, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. झोपून १३८/८० आणि उभ्याने ११२/७० आला, तर वरचा आकडा २६ ने उतरला. २० किंवा जास्त उतरला तरी ते गोळ्यांचा फेरविचार करायला पुरेसं असतं. "तसं काही नाही" या उत्तरावर मात्र त्याच गोळ्या तशाच चालू राहिल्या असत्या.

वेळेची अडचण बरीचशी कॉलच्या आधीच सोडवता येते. चालू गोळ्या, मागच्या पंधरवड्यातले रक्तदाबाचे आकडे आणि तीन मुख्य प्रश्न इंग्रजीत एका पानावर लिहून आदल्या दिवशी पाठवावेत. हा मजकूर मग तोंडी सांगत बसू नये. गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटोही पाठवावेत, कारण टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्या गोळीच्या पट्टीवर नावापुढे नुसतं एच किंवा एएम असलं तरी आत दुसरं औषध मिसळलेलं असतं, आणि कॅमेऱ्यासमोर चमकणारी पट्टी वाचता येत नाही.

बसताना फोन आईच्या तोंडासमोर टेकवून ठेवावा आणि आपण तिच्या शेजारी, किंचित मागे बसावं. आईचा चेहरा पडद्यावर दिसला की डॉक्टर तिच्याकडे बघून बोलतात आणि ती अडखळली तर त्यांच्या लक्षात येतं. इयरफोन नको, आईला आणि आपल्याला, दोघांनाही ऐकू यायला हवं. मुलगा परगावाहून जोडला जाणार असेल तर आवाज उशिरा पोचतो, म्हणून प्रत्येकाने बोलून झाल्यावर क्षणभर थांबावं. सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगावं की सगळं भाषांतर करणार आहोत, दोन वाक्यांनंतर थांबा. व्यावसायिक दुभाषे रुग्णाचं बोलणं "मला" म्हणूनच सांगतात, पण घरच्या माणसाच्या तोंडी ते ऐकून डॉक्टर गोंधळू शकतात. त्यामुळे "आई म्हणते" असं म्हणून तिचं बोलणं सांगावं, आणि आपल्याला काही दिसलं असेल तर "हे माझं निरीक्षण" असं म्हणून वेगळं सांगावं. आई दोन मिनिटं बोलली आणि इंग्रजीत तीनच शब्द गेले, तर काहीतरी गळलं हे डॉक्टरांनाही कळतं.

शेवटची तीन मिनिटं राखून ठेवावीत. "समजलं का?" विचारलं की आई "हो" म्हणणारच. त्याऐवजी, "आई, उद्यापासून कुठली गोळी कधी घेणार, सांग बघू," असं विचारावं. ती म्हणाली, "सकाळची अर्धी, रात्रीची बंद," की तेच इंग्रजीत डॉक्टरांना ऐकवावं. उलटसुलट झालं असेल तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करतात, आणि औषधाचं नाव व मिलिग्रॅम चॅटमध्ये टाइप करून मागता येतं. सारांशाच्या रीतीत ही पायरी सहसा राहून जाते.

एक गोष्ट मात्र दोन्ही रीतींत अडते. लघवीचा, अंगावर जाण्याचा किंवा नवराबायकोतला प्रश्न असेल तर आई मुलासमोर "काही नाही" एवढंच म्हणेल. त्या कॉलला मुलीला किंवा बहिणीला बसवावं. अमेरिकेत राहणाऱ्यांनी तर अपॉइंटमेंट घेतानाच मराठी दुभाषा मागावा. सरकारी निधी घेणाऱ्या दवाखान्यांना तो तिथे विनामूल्य द्यावा लागतो, व्हिडिओ कॉललासुद्धा.