एकाच जागेचे दोन मेसेज

चाकणला सहा वर्षं क्वालिटीत काम करणारा इंजिनिअर. नोकरी शोधत नाहीये. रिक्रूटरला व्हॉट्सॲपवर त्याला नव्या नोकरीबद्दल दोन प्रकारे लिहिता येतं.

पहिला:
नमस्कार सर, नामांकित कंपनीत उत्तम संधी आहे.
पद: सीनिअर क्वालिटी इंजिनिअर.
पगार: इंडस्ट्रीप्रमाणे.
इंटरेस्टेड असाल तर सीव्ही पाठवा.

दुसरा:
सर, रांजणगावला ब्रेक पार्ट बनवणाऱ्या कंपनीत सप्लायर क्वालिटीची जागा आहे.
हाताखाली तिघे, महिन्याला आठेक दिवस फिरती.
सीटीसी १४ ते १६ लाख, त्यात दीड लाख व्हेरिएबल, वाघोलीहून बस.
दहा मिनिटं फोनवर बोलू का? सीव्ही आत्ता नको.

फोन लॉक असताना नोटिफिकेशनमध्ये जेमतेम पहिली ओळ दिसते. पहिल्या मेसेजची ती ओळ कुणालाही चालेल अशी, म्हणजे वाया गेली. शेवटची ओळ तर त्याहून महाग पडते. जो नोकरी शोधत नाही, त्याचा सीव्ही दोन-तीन वर्षं जुना असतो. तो नीट करायला रविवार लागतो, आणि रविवार येतच नाही.

दुसऱ्यातली फिरती वाचून काहीजण लगेच नाही म्हणतील. म्हणू देत, तिसऱ्या राउंडनंतर कळण्यापेक्षा बरं. व्हेरिएबल वेगळं सांगितलं की हातात किती येईल याचा अंदाज त्याला तिथेच बांधता येतो.

मात्र त्या खुर्चीवर अजून कुणी बसलेलं असेल आणि कंपनीला त्याच्या जागी दुसरा माणूस आणायचा असेल, तर रांजणगाव आणि ब्रेक पार्ट एकत्र लिहू नका. त्या पट्ट्यातले लोक दोन मिनिटांत कंपनी ओळखतात. तेव्हा ‘नगर रोडची ऑटो पार्ट कंपनी’ एवढंच.