आठ महिने एकच टेबल रोज सॉर्ट-फिल्टर करतोय, त्यात काय शिकलो ते

छोट्या वाचनालयाचं देवघेवीचं टेबल माझ्याकडे आहे, एक्सेलमध्ये, आत्ता 1140 ओळी. कॉलम अगदी साधे: A अनुक्रमांक, B सभासद क्रमांक, C नाव, D पुस्तक, E दिल्याची तारीख, F परत आल्याची तारीख, G शेरा. सॉर्ट आणि फिल्टर दोन्ही उत्तम चालतात, वेग मस्त, हजार ओळींना काहीच वेळ लागत नाही, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल, की ओळीतल्या गोष्टी एकमेकांपासून तुटल्या तर ते कळतच नाही, आणि ते कसं कळवून घ्यायचं.

दुसऱ्या महिन्यात घडलेलं सांगतो. तेव्हा D आणि E च्या मधे मी एक रिकामा कॉलम ठेवला होता, उगाच जरा मोकळं दिसावं म्हणून. सभासद क्रमांकाने सॉर्ट केलं, यादी छान लागली, फाइल सेव्ह करून बंद केली. तिसऱ्या दिवशी एका बाईंना पुस्तक परत करा म्हणून फोन केला, त्या म्हणाल्या अहो मी पंधरा दिवसांपूर्वीच दिलंय, आणि त्यांचं बरोबर होतं. झालं असं की एक सेल निवडून सॉर्ट दाबलं की एक्सेल स्वतःच टेबल कुठवर आहे ते ठरवतं आणि पूर्ण रिकामा कॉलम आला की तिथे टेबल संपलं असं धरतं. म्हणजे अनुक्रमांक ते पुस्तक एवढंच हललं आणि तारखा जागच्या जागी राहिल्या. 31 नंबरच्या सभासदाने 4 मार्चला नेलेलं पुस्तक परत आलं नव्हतं, 12 नंबरने 9 जूनला नेलेलं परत दिलं होतं. सॉर्टनंतर 12 नंबर वर गेला आणि 31 च्या जागेवर बसला, त्याच्यासमोर 4 मार्च आणि परत तारीख रिकामी. चूक माझीच होती, पण मला जास्त लागलं ते पुढचं: मी रोज रात्री बेरजा बघायचो, एकूण ओळी किती, बाकी पुस्तकं किती, आणि त्या दिवशीही आकडे सॉर्टच्या आधी होते तेच होते. कॉलममधले आकडे तेच असतात, नुसती जागा बदललेली असते, मग बेरीज बदलणार कशी? बेरीज जुळली म्हणजे टेबल ठीक, हा समज तिथेच सोडला. Ctrl+Z पण गेलेलं होतं कारण फाइल मधे बंद केली होती. शेवटी जुन्या कॉपीवरून तीन दिवसांच्या नोंदी हाताने परत टाकल्या.

आता पहिली सवय अशी की सॉर्ट करायच्या आधी टेबलमधल्या एका सेलवर जाऊन Ctrl+A दाबतो आणि निवड शेवटच्या कॉलमपर्यंत आणि शेवटच्या ओळीपर्यंत जाते का ते डोळ्यांनी बघतो. मधेच थांबली तर सॉर्टही तिथेच थांबणार. त्याच सेलवर Ctrl+T दाबून एक्सेलचं टेबल बनवलं तर पुढे सॉर्टमधे सगळे कॉलम एकत्र हलतात, हे खरं, पण टेबल बनवतानाही ते हद्द अशीच ओळखतं, त्यामुळे तिथे दाखवलेली रेंज वाचून मगच OK. आणि एकच कॉलम निवडून सॉर्ट केलं की जो प्रश्न येतो, "Expand the selection" की "Continue with the current selection", तिथे दुसरं कधीच दाबू नका, म्हणजे या कामासाठी तरी नाही.

दुसरी गोष्ट मला स्वतःलाच सुचायला वेळ लागला आणि आता तिच्याशिवाय मी काम करत नाही. प्रत्येक ओळीचा एक ठसा. ज्या कॉलममधलं नंतर बदलणार नाही तेवढेच जोडायचे, माझ्याकडे A ते E, परत तारीख आणि शेरा रोज बदलतात म्हणून ते नाहीत. H मधे हे:

```
=TEXTJOIN("|",FALSE,A2:E2)
```

ते खालपर्यंत ओढून कॉपी करून तिथेच फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करायचं, नाहीतर फॉर्म्युला परत परत नवीन ओळ वाचून "सगळं बरोबर" म्हणत राहील. मग I मधे तपासणी:

```
=IF(TEXTJOIN("|",FALSE,A2:E2)=H2,0,1)
```

वर एका सेलमधे I ची बेरीज. शून्य असेल तर ओळी A ते E अखंड आहेत. तारखा ठशात 45000 सारख्या आकड्यात दिसतात, त्याने काही बिघडत नाही. यातली चांगली बाजू अशी की समजा टेबल तुटलंच तर H मधे मूळ ओळीतलं A ते E जसंच्या तसं पडलेलं असतं, ते | ने वेगळं करून पुन्हा मांडता येतं. मर्यादा पण सांगतो, कोणाच्या नावात दुरुस्ती केली की त्या ओळीला 1 येणार, मग तो ठसा नवीन करायचा, आणि नवीन ओळ भरली की तिचा ठसा टाकायला विसरलं तरी 1 येतं. ते मला चालतं, उलट बरंच आहे, ओळ बघितली जाते.

आता अनेक कळींवर, म्हणजे एकापेक्षा जास्त कॉलमवर, सॉर्ट. मला रोज हवी ती यादी अशी: आधी जी परत आली नाहीत ती, त्यात सगळ्यात जुनी वर. Data मधल्या Sort मधून Add Level करत जायचं, वरची लेव्हल आधी लागते. F मधे रिकामं असेल ते वर यावं असं वाटलं तर ते सरळ होत नाही, कारण रिकामे सेल चढत्या क्रमातही खाली जातात आणि उतरत्यातही खालीच जातात. मी यावर दोन आठवडे घालवले. शेवटी एक मदत कॉलम J घातला, =IF(F2="",0,1), आणि पहिली कळ J, दुसरी E, तिसरी A. तिसरी कळ अनुक्रमांक का, तर एकाच दिवशी दहा पुस्तकं गेली की त्यांचा आपसातला क्रम ठरलेला राहतो आणि रोज यादी तशीच लागते. E च्या बाबतीत एक तपासणी करायची, `=COUNT(E2:E1141)` आणि `=COUNTA(E2:E1141)` दोन्ही सारखे आले पाहिजेत. COUNT फक्त आकडे मोजतो आणि खरी तारीख आत आकडाच असते, कमी आला तर काही तारखा टेक्स्ट म्हणून पडल्यात, आणि त्या आपापल्या गटातल्या खऱ्या तारखांच्या खाली जाऊन बसणार, म्हणजे परत न आलेलं सर्वात जुनं पुस्तक त्या गटाच्या तळाशी. माझ्याकडे 23 निघाल्या होत्या, बहुतेक दुसऱ्या फाइलमधून कॉपी केलेल्या.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो आधीच्या हाताळणाऱ्याच्या जुन्या नोंदींमधे. एका सभासदाने तीन पुस्तकं नेली की त्यांनी नाव आणि सभासद क्रमांक फक्त पहिल्या ओळीत लिहिला होता आणि खालच्या दोन ओळींत ते रिकामं. कागदावर वाचायला छान, माणूस वरचं नाव धरतो. पण टेबलच्या दृष्टीने त्या दोन ओळी कोणाच्याच नाहीत, त्यांचं नातं फक्त वरच्या ओळीशी जागेमुळे आहे, आणि सॉर्ट म्हणजे जागा बदलणंच. सॉर्ट केलं की त्या बेवारस ओळी तळाशी, आणि इथे ओळ अखंड असूनही माहिती गेली, ठसा पण 0 दाखवेल. म्हणून सॉर्टच्या आधी भरून घ्यायचं: B आणि C निवडा, F5, Special, Blanks, मग = टाइप करून वरचा बाण, आणि Ctrl+Enter. सगळे रिकामे सेल वरच्या नावाने भरतात. पण इथे थांबलात तर पुन्हा फसाल, मी फसलो, कारण त्या सेलमधे आता "माझ्या वरच्या ओळीतलं" असा फॉर्म्युला आहे, सॉर्ट झाल्यावर वरची ओळ दुसऱ्याच माणसाची येते आणि नाव बदलतं. म्हणून लगेच B-C कॉपी करून व्हॅल्यू पेस्ट, मग ठसा, आणि त्यानंतरच सॉर्ट. हाच प्रकार चालू शिल्लक काढणाऱ्या कॉलममधे होतो, वरच्या ओळीची शिल्लक अधिक ही रक्कम असा फॉर्म्युला असेल तर सॉर्टनंतर तो शिल्लक सांगत नाही.

फिल्टरचं तसं ओळ तोडायचं काम नाही, तो फक्त ओळी लपवतो. तुटतं ते पेस्टमधे. एकदा बाकी असलेल्या 40 सभासदांच्या शेऱ्याचं कॉलम बाहेर एका यादीत तयार करून फिल्टर लावलेल्या टेबलवर पेस्ट केलं, तर ते दिसणाऱ्या 40 ओळींत न जाता सलग 40 ओळींत गेलं, लपलेल्या धरून. दिसणाऱ्या काही ओळींत दुसऱ्याचा शेरा आणि लपलेल्यांमधे जुने शेरे पुसलेले. आता सगळ्यांना एकच शेरा असेल तर निवडून Alt+; दाबतो, त्याने फक्त दिसणारे सेल निवडले जातात, मग टाइप करून Ctrl+Enter. वेगवेगळे शेरे असतील तर अनुक्रमांकावरून शोधून आणायचे, जागेवरून नाही. आणि सॉर्ट करायच्या आधी फिल्टर काढतो, कारण फिल्टर असताना फक्त दिसणाऱ्याच ओळी आपसात हलतात आणि मग पूर्ण टेबलचा क्रम विचित्र दिसतो.

गेले तीन महिने मूळ टेबल अनुक्रमांकाच्या क्रमातच ठेवतो आणि यादी वेगळ्या शीटवर फॉर्म्युल्याने काढतो:

```
=SORTBY(नोंद!A2:G1141,नोंद!J2:J1141,1,नोंद!E2:E1141,1,नोंद!A2:A1141,1)
```

याने मूळ ओळीला हात लागत नाही, हे सगळ्यात चांगलं. पण एक खोड आहे, जी माझ्या सहकाऱ्याला लागली. तिने या यादीच्या शेजारी रिकाम्या कॉलममधे हाताने लिहिलं "फोन केला", दुसऱ्या दिवशी दोन पुस्तकं परत आली, यादी वर सरकली आणि तिचे शब्द जागेवरच राहिले, म्हणजे फोन केलेल्याला परत फोन आणि न केलेल्याला नाही. फॉर्म्युल्याच्या शेजारी लिहायचंच नाही, शेरा मूळ टेबलच्या G मधेच. आता ती यादीत अनुक्रमांक बघते, नोंद शीटवर त्याच अनुक्रमांकाच्या ओळीत शेरा लिहिते, आणि यादीत G कॉलममधून तो आपोआप योग्य माणसासमोर दिसतो.