नुसती पर्प्लेक्सिटी की दोन मॉडेलांची जोडी? एआयचा मजकूर ओळखायला काय लावायचं

डिटेक्टर ट्रेन करायला लेबल लावलेला डेटा नाहीये, आणि तरी मजकूर माणसाचा की मशीनचा हे बघायचंय, तर साधारण दोन रस्ते उरतात. एक म्हणजे एकच मॉडेल घेऊन पर्प्लेक्सिटी काढायची, दुसरा म्हणजे २०२४ मधे आलेली बायनॉक्युलर्स पद्धत, ज्यात तोच उतारा दोन मॉडेलांना वाचायला देतात.

पर्प्लेक्सिटीचं गणित सोपं आहे. प्रत्येक टोकनला मॉडेल किती दचकलं त्याची सरासरी काढायची, दचकणं कमी असेल तर मजकूर मशीनचा, जास्त असेल तर माणसाचा. छोटं GPT-2 घेतलं तर साध्या लॅपटॉपवर, जीपीयू नसतानाही चालतं, आणि दहा ओळींच्या कोडमधे काम होतं. म्हणून सगळे आधी हेच करून बघतात.

गडबड कुठे होते तर डिटेक्टरला प्रॉम्प्ट दिसत नाही तिथे. बायनॉक्युलर्सवाल्यांचंच उदाहरण घ्या: कुणीतरी मॉडेलला सांगितलं की खगोलशास्त्रज्ञ असलेल्या कॅपिबारावर लिही (कॅपिबारा म्हणजे तो दक्षिण अमेरिकेतला भलामोठा उंदीरवर्गीय प्राणी). लिहिणाऱ्या मॉडेलला त्यात नवल काहीच नाही, त्याला विषय दिलेलाच होता. पण डिटेक्टरला फक्त उत्तर दिसतं, त्यात कॅपिबारा आणि दुर्बिणी एकत्र आले की तो दचकतो, पर्प्लेक्सिटी वर जाते आणि पक्का मशीनचा मजकूर माणसाच्या नावावर सुटतो. उलट बाजूने, साधं-सरळ ठरावीक वाक्यांचं लिहिणारा माणूस फुकटचा अडकतो, आणि मला विचाराल तर हे जास्त वाईट, कारण इंग्रजी नंतर शिकलेली मुलं असंच लिहितात.

बायनॉक्युलर्समधे हे असं आहे:

```
score = log_ppl / log_cross_ppl
```

वरचा आकडा तोच जुना, म्हणजे प्रत्यक्ष आलेल्या शब्दाने किती धक्का दिला. खालचा आकडा वेगळा आहे: प्रत्येक जागी दुसरं मॉडेल पुढच्या शब्दाबद्दल जे अंदाज बांधतं ते पहिल्या मॉडेलला सरासरी किती धक्कादायक वाटतात. म्हणजे विषयच विचित्र असेल तर खालचा आकडाही वाढतो. आता पहिल्यांदा ‘कॅपिबारा’ आला तिथे दोन्ही मॉडेलं गाफीलच असणार, तो धक्का काही भागाकारात जात नाही, पण त्याच्यापुढे तो शब्द दोघांच्याही संदर्भात असतो, दोघांचेही अंदाज पसरतात, आणि मग प्रश्न एवढाच उरतो की अशा संदर्भात एखादं मॉडेल जेवढं दचकवेल त्याहून हा लेखक जास्त दचकवतोय का. माणूस बहुतेक वेळा दचकवतो.

समजण्यापुरते मनाचे आकडे घेऊ. कॅपिबाराचा मशीनी उतारा: वर २.४, खाली ३.०, भागाकार ०.८०. माणसाचा साधा निबंध: वर २.०, खाली २.०, भागाकार १.००. नुसता वरचा आकडा बघितला तर निबंधच मशीनचा ठरतो, भागाकार बघितला तर निकाल बरोबर उलटा. त्यांच्या कोडमधे खोटे आरोप कमी ठेवायचा कटऑफ साधारण ०.८५ आहे, त्याखाली आलं की मशीन. पेपरमधला दावा असा की चॅटजीपीटीचे ९०% हून जास्त नमुने पकडले जातात आणि माणसाच्या १०,००० उताऱ्यांत साधारण एकच चुकून अडकतो, तेही चॅटजीपीटीच्या डेटावर काहीही ट्रेनिंग न करता.

पण खर्च बघून घ्या. मूळ जोडी `falcon-7b` आणि `falcon-7b-instruct`, १६ बिटमधे प्रत्येकी १४ जीबीच्या आसपास, म्हणजे दोन्ही मिळून २८ जीबी जीपीयू मेमरी लागणार. आणि जोडी वाट्टेल ती जमत नाही, दोघांचा टोकनायझर एकच हवा, नाहीतर एकेका जागेवरचे अंदाज समोरासमोर ठेवताच येणार नाहीत. जोडी बदलली तर ०.८५ पण विसरा, तो आकडा फाल्कनचा आहे, स्वतःकडच्या माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर नवा काढा.

पाठ झालेल्या मजकुरावर मात्र दोन्ही पद्धती सारख्याच फसतात. अमेरिकेची राज्यघटना टाकली तर बायनॉक्युलर्सही ती मशीनची म्हणते, कारण मॉडेलला पुढचा शब्द आधीच तोंडपाठ. आणि एकदोन वाक्यांच्या कमेंटवर तर कुठलीच सरासरी टिकत नाही, निदान एखादा भरघोस परिच्छेद हवा.

मराठी तपासायचं असेल तर फाल्कनची जोडी घेऊच नका असं माझं मत. तिचं वाचन मुख्यतः इंग्रजी, आणि मॉडेलला भाषा नीट येत नसली की मशीनचा मजकूरही माणसाचा म्हणून सुटतो हे त्या पेपरमधेच दिसतं. निदान निरपराध माणूस कमी अडकतो, पण ‘माणसाचं’ असा निकाल आला म्हणून त्याचा अर्थ फार काही लागत नाही. देवनागरी बऱ्यापैकी येणारं बेस मॉडेल आणि त्याचंच इन्स्ट्रक्ट व्हर्जन मिळालं तर ती जोडी लावा, आणि कटऑफ २०२२ च्या आधीच्या मराठी लेखांवर ठरवा, तेव्हाचं लिखाण माणसाचंच असण्याची खात्री बरीच जास्त असते.