'५ एक्स' लिहिलेला दाढीचा आरसा: पावसाळ्यापासून वापरतोय, आता सविस्तर लिहितो

गेल्या आठवड्यात दाढी चालू असताना आरशाने मान टाकली. दांड्याला जिथे तो फिरतो तिथला स्क्रू झिजला आणि आता मोठं दाखवणारी बाजू सतत बेसिनकडे बघत बसते. कस्टमर केअरला फोन लावला, तर म्हणे, "सर, मूव्हिंग पार्ट वॉरंटीत येत नाहीत." फिरणाऱ्या आरशातून फिरणारा भाग वगळला तर उरली काच. तीसुद्धा वॉरंटीत नाही. मग वॉरंटी नेमकी कशाची, खोक्याची?

आरसा कसा आहे ते तुम्ही पाहिलंच असेल. सात इंची, एक बाजू साधी, दुसरी अंतर्गोल, स्टीलचा स्टँड, ६४९ रुपये. सोबत स्कूटरच्या आरशावर चिकटवायचा एक छोटा गोल आरसा फुकट. पॉलिश अजून शाबूत आहे, गंज नाही. त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

माझा खरा राग खोक्यावरच्या '५ एक्स'वर होता. पाचपट म्हटल्यावर माणूस पाचपट बघायला जातो, आणि मला चेहरा जेमतेम दीडपट वाटत होता. नुसतं वाटण्यावर भांडता येत नाही, म्हणून मोजमाप केलं. माझी मिशी टोकापासून टोकापर्यंत सहा सेंटिमीटर आहे. आरशापासून २५ सेंटिमीटरवर उभा राहिलो, एक डोळा मिटला आणि मिशीची दोन्ही टोकं काचेवर स्केचपेनने खुणावली. साध्या बाजूला दोन खुणांत तीन सेंटिमीटर भरले, मोठ्या बाजूला चार. साध्या आरशात कितीही मागेपुढे झालात तरी काचेवरची खूण खऱ्या मापाच्या निम्मीच येते, कारण प्रतिमा काचेमागे तेवढ्याच अंतरावर असते. म्हणजे तीनाचे चार झाले, फायदा तेहतीस टक्के. पाचपट कुठे गेलं? हे फोटोसकट पाठवलं. उत्तर आलं की "५ एक्स हे मॅन्युफॅक्चरर स्पेसिफिकेशननुसार आहे." पैसे परत नाहीत.

तेव्हा एक तारा देऊन मोकळा होणार होतो. पण दिवाळीत भाची आली, नववीतली. तिच्या विज्ञानात हेच प्रकरण चालू होतं. खुणा बघून म्हणाली, "मामा, काचेवर मोजून विशालन निघत नाही. आधी नाभीय अंतर काढ." आमचा फ्लॅट नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ आहे, गॅलरीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. तिने आरसा डोंगराकडे धरला आणि समोर पांढरा कागद मागेपुढे केला. एका ठिकाणी कागदावर डोंगर उमटला, उलटा, रंगासकट, कडा रेखीव. आरशापासून तिथपर्यंत पट्टीने ५० सेंटिमीटर. डोंगर इतका लांब आहे की त्याच्याकडून येणारे किरण समांतर धरायला हरकत नाही, आणि समांतर किरण नाभीतच जमतात.

मग ती वहीत गणित मांडायला बसली. u म्हणजे वस्तूचं आरशापासूनचं अंतर, v प्रतिमेचं, f नाभीय अंतर. सूत्र १/v + १/u = १/f, आणि विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट, m = −v/u. मी २५ सेंटिमीटरवर, नाभीय अंतर ५०. तिने पहिल्यांदा u = −२५ घेतलं आणि f = +५०. उत्तर v = +१६.७, m = +०.६७.

"म्हणजे चेहरा लहान दिसतो?" मी विचारलं.

तिने आरशात पाहिलं, वहीत पाहिलं आणि जीभ चावली. "f ला वजा राहिला."

या सूत्राच्या अधिक-वजाच्या संकेतात सगळी अंतरं आरशाच्या ध्रुवापासून, म्हणजे काचेच्या मध्यापासून, मोजतात आणि वस्तू डावीकडे ठेवतात. उजवीकडे अधिक, डावीकडे वजा. अंतर्गोल आरशाची नाभी आरशाच्या पुढे, म्हणजे वस्तूच्याच बाजूला असते, म्हणून f वजा. बहिर्गोलची नाभी काचेमागे, म्हणून अधिक. f चा वजा विसरला की तुम्ही हातातला आरसा उलटा करून बहिर्गोल केलेला असतो, आणि गणित त्याचं बरोबर उत्तर देतं. ०.६७ हे ५० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या बहिर्गोल आरशाचं अगदी योग्य विशालन आहे. म्हणूनच ही चूक आकडेमोड तपासून सापडत नाही, आरशात बघूनच सापडते. u चा वजा विसरला तर मात्र वहीतच कळतं: v येतो −१६.७ आणि m येतो +०.६७. v वजा म्हणजे प्रतिमा आरशापुढे, वास्तव. m अधिक म्हणजे सुलट. समोर खरी वस्तू ठेवलेली असताना एकट्या आरशाची वास्तव प्रतिमा सुलट येत नाही, तेव्हा v आणि m ची चिन्हं वेगळी निघाली की मागे जाऊन u बघायचा.

दुरुस्त केल्यावर असं झालं:

१/v = १/f − १/u = −१/५० + १/२५ = १/५०

v = +५०, m = −(+५०)/(−२५) = +२. प्रतिमा काचेमागे अर्ध्या मीटरवर, आभासी, सुलट, दुप्पट.

आता माझी अडचण वाढली. वही दोनपट म्हणते, माझ्या स्केचपेनच्या खुणा १.३३ पट म्हणतात. दोन्ही बरोबर आहेत. प्रतिमा दुप्पट झाली खरी, पण ती लांबही गेली. साध्या आरशातला चेहरा माझ्या डोळ्यापासून २५ अधिक २५, म्हणजे ५० सेंटिमीटरवर असतो. अंतर्गोलमधला २५ अधिक ५०, म्हणजे ७५ वर. दुप्पट मोठी वस्तू दीडपट लांब नेली तर डोळ्याला ती दोन भागिले दीड, म्हणजे १.३३ पटच वाटणार. सूत्रातला m प्रतिमेची उंची सांगतो, ती डोळ्यात केवढी भरेल हे सांगत नाही.

मग ५ एक्स कुठून आलं? भाचीने ४० सेंटिमीटर घालून पाहिलं: १/v = −१/५० + १/४० = १/२००, v = +२००, m = +५. सापडलं! ४० सेंटिमीटरवर उभं राहिलात तर आरसा पाचपटच आहे, खोकं खोटं बोलत नाही. फक्त ती पाचपट प्रतिमा काचेमागे दोन मीटरवर असते, म्हणून डोळ्याला साध्या आरशाच्या १.६७ पटच वाटते. काचेवर मिशीच्या खुणा तीनाच्या पाच होतात, मी मोजल्या. ४५ सेंटिमीटरवर m दहा येतो आणि ४९ वर पन्नास. म्हणजे याच आरशावर '५० एक्स' छापलं असतं तरी कोर्टात टिकलं असतं. अंतर न सांगता एक्स छापणं म्हणजे डझनाचा भाव सांगायचा आणि डझनात किती ते सांगायचं नाही. डोळ्याला वाटणारा फायदा तर नाभीपर्यंत कधीच दुपटीच्या वर जात नाही. नाभीच्या पलीकडे डोळा नेलात की चेहऱ्याचा नुसता राडा दिसतो, कारण प्रतिमा तुमच्या डोक्यामागे जाऊन पडते. त्याहूनही लांब, पॅसेजमधून दोन मीटरवरून पाहिलं तर आपण उलटे आणि एकतृतीयांश दिसतो. तिथे v −६६.७ येतो, म्हणजे ती प्रतिमा काचेच्या आत नसते, काचेपुढे हवेत असते.

इथे माझं मत बदललं, आणि कारण वेगळंच निघालं. मला चाळिशी लागून बरीच वर्षं झाली. चष्म्याशिवाय सत्तर सेंटिमीटरच्या आतलं सगळं धूसर. साध्या आरशात २५ वर उभा राहिलो की चेहरा ५० वर, म्हणजे धूसर, आणि चष्मा घालून कानाजवळची दाढी होत नाही. याच अंतर्गोल आरशात चेहरा ७५ वर जातो, माझ्या डोळ्याच्या टप्प्यात. साध्या आरशात तेवढ्यासाठी मला ३७ सेंटिमीटरवर जावं लागतं आणि चेहरा निम्मा दिसतो. सकाळी मी चष्मा न लावता नाकाखालचा एकेक केस बघत होतो ते या लांब गेलेल्या प्रतिमेमुळे, आणि मी मात्र महिनोन्‌महिने पाचपटीवरून भांडत होतो. चाळिशीवाल्यांसाठी हा आरसा पैसे वसूल आहे. तुम्हाला जवळचं उत्तम दिसत असेल तर मात्र तेहतीस टक्क्यांसाठी ६४९ देऊ नका, पुढे वाकून साध्या आरशात बघा.

फुकटचा छोटा आरसा बहिर्गोल आहे. त्याचं नाभीय अंतर कागदाने निघत नाही, कारण प्रतिमा कायम काचेमागे, आभासी. कागदावर काही पडतच नाही. v नेहमी अधिक आणि f पेक्षा कमी, m अधिक आणि एकापेक्षा कमी. द्वारका सर्कलला बाजूला घुसणारी रिक्षा त्यात दिसते, हे काम चोख. पण मागचा ट्रक त्यात आहे त्याहून बराच लांब वाटतो, तेव्हा लेन बदलताना मोठ्या आरशावरच भरवसा ठेवा.

दुकानातून घेणार असाल तर असं करा. मेनरोडच्या एका दुकानदाराला मी "किती एक्स?" विचारलं तर म्हणाला, "एक्स-बिक्स माहीत नाही, चेहरा मोठा दिसतो, तीनशे द्या." तो जास्त प्रामाणिक वाटला. आरसा हातात घेऊन समोरच्या रस्त्याकडे धरा, बिलाच्या कागदावर पलीकडची पाटी उमटवा आणि अंतर बोटांनी मोजा. ५०च्या आसपास भरलं तर २५ वरून आरामात दाढी होते. ३० भरलं तर २५ वर m सहा येतो, पण तिथून पाच सेंटिमीटर मागे सरकलात की चेहरा विरघळतो. तसला आरसा भुवया कोरायला ठीक.

स्क्रू कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने वायसर घालून बदलून दिला, दहा रुपयांत. आरशाला चार तारे, कस्टमर केअरला शून्य, सरासरी तुम्हीच काढा. आणि पूर्वेच्या खिडकीत ठेवत असाल तर वापर झाल्यावर साधी बाजू बाहेर करा: माझ्या ब्रशच्या प्लास्टिकच्या मगाला हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हाने अर्ध्या सेंटिमीटरचा वितळलेला खड्डा पडलाय, आरशापासून बरोबर अर्ध्या मीटरवर.