ताबा मिळाल्यावर राहायचं की भाड्याने द्यायचं? आधीच्या व्याजाचा हिशोब

समजा, बांधकाम चालू असलेल्या घरासाठीचं कर्ज एप्रिल 2022 मधलं, घराचा ताबा डिसेंबर 2025 मध्ये. बांधकामाआधीचं व्याज 31 मार्च 2025 पर्यंतच मोजतात. एप्रिल ते डिसेंबर 2025 चं व्याज चालू वर्षातच धरतात. ते आधीचं व्याज 6 लाख झालं, तर प्राप्तिकरातल्या वजावटीसाठी 2025-26 पासून पाच वर्षं दरवर्षी त्याचा 1.2 लाखांचा हप्ता धरतात. 2026-27 चं चालू व्याज 2.6 लाख धरू.

स्वतः राहिलात, तर जुन्या करप्रणालीत चालू व्याज आणि हा हप्ता मिळून वजावट 2 लाखांचीच. इथे चालू व्याजानेच ती भरली, म्हणजे 1.2 लाखांचा हप्ता पूर्ण वाया. तो पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. लोक बिल्डरच्या ऑफिसात ‘पाच वर्षं जादा सूट’ ऐकून येतात, तेव्हा हे कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं. नव्या प्रणालीत तर स्वतःच्या राहत्या घराला व्याजाची वजावटच नाही.

भाड्याने दिलंत, तर व्याजाला ही मर्यादा नाही. महिना 25,000 भाडं, म्हणजे वर्षाचे 3 लाख. मालमत्ता कर बाजूला ठेवू. 30 टक्के प्रमाणित वजावटीनंतर 2.1 लाख उरतात. त्यातून 3.8 लाख व्याज गेलं की 1.7 लाख तोटा. जुन्या प्रणालीत 2 लाखांपर्यंतचा तोटा पगारातून वजा होतो, त्यामुळे हप्त्याचा रुपयान् रुपया कामी येतो. नव्या प्रणालीत भाड्यावरचा कर शून्य होतो, पण तोटा पगारातून वजा करता येत नाही.

कर्ज छोटं असून चालू व्याज 80 हजारांच्या आत असेल, तर मात्र राहत्या घरातही पूर्ण हप्ता बसतो.