विमान भलत्याच शहरात उतरलं आणि ‘कंपनीच्या गाडी’ने ३०,५९९ रुपयांना बुडवलं

धुक्यामुळे विमान दुसऱ्याच शहरात उतरवलं आणि तुम्ही पुढे गाडीने जायचं ठरवलंत, तर टर्मिनलच्या दाराबाहेर ‘एअरलाइनची गाडी आहे’ म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका. बोर्डिंग पासचा फोटो तर अजिबात काढू देऊ नका. माझे ३०,५९९ रुपये गेले. ४,५०० गाडीतल्या सीटचे, १,१०० वाटेत उकळलेले आणि २४,९९९ त्याच दुपारी ‘रिफंड’च्या नावाखाली. तक्रार चालू आहे, म्हणून शहरांची आणि कंपनीची नावं लिहीत नाही.

सकाळी नऊला बहिणीची अँजिओप्लास्टी होती आणि तिच्याजवळ दुसरं कोणी नव्हतं. हे आधीच सांगते, कारण ‘एवढी घाई कशाला केलीस’ हे मला पुरेसं ऐकवून झालं आहे.

रात्री पाऊण वाजता आमचं विमान ठरलेल्या शहरापासून रस्त्याने २७० किलोमीटरवर असलेल्या विमानतळावर उतरलं. दारं बंद ठेवून आम्हाला जागेवरच बसवलं होतं. दीड तासाने घोषणा झाली की धुकं विरण्याची वाट पाहतो आहोत, ज्यांना इथेच उतरायचं आहे त्यांनी सांगावं. एका कागदावर सही घेतली. त्यावर ‘स्वेच्छेने प्रवास इथे संपवत आहे’ अशा अर्थाचं वाक्य होतं. विमानाच्या अरुंद वाटेत, मागे माणसं खोळंबलेली असताना, ते वाक्य पुढे आपल्या गळ्याशी येणार आहे हे कोणाच्या लक्षात येतं? ज्यांचं सामान खाली होल्डमध्ये होतं, त्यांना आणखी थांबायला सांगितलं. प्रवासी उतरला की त्याची बॅगही शोधून उतरवावी लागते, आणि त्यात वेळ जातो. माझ्याकडे फक्त हातातली बॅग होती, म्हणून मी लगेच बाहेर पडले.

त्या सहीने काय होतं ते समजून घ्या. विमान कंपनीनेच ‘हे विमान आता पुढे जाणार नाही’ असं जाहीर केलं, तर तुम्हाला पुढे पोचवायची जबाबदारी तिची. मग ती बस लावो, नाहीतर दुसऱ्या विमानात बसवो. पण विमान ‘थांबलेलं’ असताना तुम्ही आपणहून उतरलात, तर कंपनीच्या लेखी तुमचा प्रवास तुम्हीच संपवलात. म्हणून उतरण्याआधी दोनच गोष्टी विचारा: हे विमान पुढे जाणार आहे की इथेच संपलं, आणि वैमानिकांची ड्यूटीची वेळ संपत आली आहे का? ती संपली, तर धुकं गेलं तरी नवे वैमानिक येईपर्यंत विमान हलत नाही. तेव्हा उतरण्यात अर्थ आहे. आमच्या वैमानिकांकडे वेळ शिल्लक होता. ते विमान सकाळी आठला उडालं आणि नऊला पोचलं. मी पोचले ११ वाजून २० मिनिटांनी.

बाहेर चमकदार पट्ट्यांचं जॅकेट घातलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस उभा होता. “डायव्हर्जनचे पॅसेंजर ना? रोड ट्रान्सफर इकडे.” त्याने विचारलं, “कुठली फ्लाइट, मॅडम?” मी सांगितली. इथेच! विमान कंपनीचा माणूस प्रवाशाला फ्लाइट कोणती ते विचारत नाही, त्याच्या हातात नावांची यादी असते. कंपनी बस लावते तेव्हा घोषणा आत होते, कर्मचारी यादी घेऊन नावं वाचतात आणि पैसे कोणीच मागत नाही. याच्याकडे यादी नव्हती. माझ्याच तोंडून फ्लाइट काढून घेऊन तो मलाच ती माहिती आत्मविश्वासाने परत सांगत होता.

तो म्हणाला, सीटचे ४,५०० आता भरा, पावती घ्या, सात दिवसांत कंपनी परत देईल. क्लेमसाठी बोर्डिंग पासचा फोटो लागेल. त्याने फोटो काढला, मोबाइल नंबर लिहून घेतला आणि क्यूआर कोड पुढे केला. पैसे गेल्यावर पडद्यावर कंपनीचं नाही, एका माणसाचं नाव आलं. मी विचारलंही. “व्हेंडर आहे मॅडम, नाइट शिफ्टला असंच असतं.” गाडीत आधीच एक वयस्कर जोडपं आणि एक तरुण बसले होते. त्या आजी मला म्हणाल्या, “ये बाळा, बस.” रात्री तीन वाजता, अनोळखी शहरात, एका बाईला याहून सुरक्षित काय वाटलं असतं? चौघांचे मिळून १८,००० झाले. आत टर्मिनलमध्ये प्रीपेड टॅक्सीचा काउंटर होता आणि तिथे त्या शहरापर्यंतच्या अख्ख्या गाडीचे ७,८०० लावले होते, हे मला नंतर कळलं. आत असतानाच दर बघा. बाहेर आलात की परत आत सोडत नाहीत.

रेल्वेचाही विचार मी केला होता. पावणेपाचला गाडी होती. “धुक्यात सगळ्या ट्रेन लेट आहेत,” असं तोच म्हणाला आणि मी मोबाइलवर गाडी कुठे आहे ते पाहिलं नाही, कारण बॅटरी संपत आली होती. नंतर पाहिलं, ती गाडी चाळीस मिनिटं उशिरा पोचली होती, म्हणजे आमच्या खूप आधी. जे धुकं विमानाला उतरू देत नाही, ते त्या शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावरही पसरलेलं असतं. पहिले दोनशे किलोमीटर गाडी पळाली. शेवटच्या सत्तरला चार तास लागले. पुढच्या गाडीचे दिवेही दिसत नव्हते आणि आजी मोठ्याने देवाचं नाव घेत होत्या. धावपट्टी बंद पडल्यामुळे किंवा तिथल्या वादळामुळे विमान वळवलं असेल, तर गोष्ट वेगळी. पाऊस सरला की रस्ता बहुतेक वेळा मोकळा होतो. धुक्यासाठी वळवलेल्या विमानातून उतरून रात्री रस्त्याने निघणं म्हणजे त्याच धुक्यात शिरणं आहे.

हा धुक्याचा रस्ता सुरू होण्याआधी ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. टोल आणि दुसऱ्या राज्याचा कर, माणशी १,१००, रोख. नाहीतर इथेच उतरा. तिथे ना दुकान, ना दिवा. चौघांनीही दिले. पावती मागितली तर तो हसला.

त्याच दुपारी चारच्या सुमारास मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभी असताना फोन आला. बहिणीला नुकतंच बाहेर आणलं होतं. समोरच्याने माझं पूर्ण नाव, फ्लाइट, पीएनआर, अगदी सीट नंबरसुद्धा सांगितला. “तुमचा रोड ट्रान्सफरचा ५,६०० चा रिफंड मंजूर झाला आहे. ज्या कार्डावरून तिकीट काढलं, त्यावरच जमा होईल.” कार्डाचा नंबर घेतला, मग मागचा तीन आकडी नंबर, मग ‘कन्फर्मेशन’चा ओटीपी. २४,९९९ गेले.

माझी झोप उडवतो तो आकडा २४,९९९ नाही, ५,६०० आहे. ४,५०० अधिक १,१००. ते १,१०० मी भर रस्त्यात, अंधारात, ड्रायव्हरच्या हातात रोख दिले होते. विमान कंपनीला ते कळायचा मार्गच नव्हता. ते फक्त त्या टोळीलाच माहीत होते. ओटीपीचे सगळे धोके मला ठाऊक आहेत, घरच्यांना मीच सांगत असते. पण बेरीज बरोबर आली म्हणून माझा विश्वास बसला. खरं तर ती बेरीज बरोबर आली तिथेच फोन ठेवायला हवा होता. लक्षात ठेवा, प्रत्येक तपशील बरोबर सांगणाऱ्याला तो कोणाकडून मिळाला, हा पहिला प्रश्न. पीएनआर आणि सीट बोर्डिंग पासवर छापलेली असते. तो फोटो यासाठीच होता.

यानंतर जे झालं त्याने मी जास्त संतापले. इथल्या पोलिसांनी सांगितलं, गुन्हा त्या शहरात घडला, तिकडे तक्रार द्या. तिकडे फोन केला तर म्हणे, तुम्ही स्वतः पैसे दिलेत, प्रवासही झाला, मग फसवणूक कसली, भाड्याचा वाद आहे. रस्त्यात अडवून घेतलेल्या १,१०० चं काय? पुरावा आणा. विमानतळावर सीसीटीव्ही मागितलं. त्यांना पोलिसांचं पत्र हवं आणि पोलिसांना आधी फुटेज हवं. फुटेज काही ठरावीक दिवसच ठेवतात, हे दोघांनाही माहीत होतं! पार्किंगची जागा ठेकेदाराची आहे, तिथे कोण उभं राहतं याच्याशी आमचा संबंध नाही, हेही ऐकवलं. विमानतळाच्या दारात, सुरक्षारक्षकापासून दहा पावलांवर, ओळखपत्र लटकवून एक माणूस रोज प्रवासी गोळा करतो आणि संबंध कोणाचाच नाही. विमान कंपनीचं उत्तर दोन ओळींचं: विमान नियोजित ठिकाणी पोचलं आहे, आपण स्वेच्छेने उतरलात. डायव्हर्जन झाल्याचं त्या माणसाला आमच्याआधी कसं कळलं, या प्रश्नाला उत्तर नाही. 

युरोपात एक विमान बर्लिनच्या टेगेल विमानतळाऐवजी शोनेफेल्ड विमानतळावर उतरवलं होतं. त्या खटल्यात २०२१ साली युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की त्याच शहराच्या दुसऱ्या विमानतळावर उतरवलं, तर मूळ विमानतळापर्यंतचा खर्च देण्याची तयारी कंपनीने आपणहून दाखवली पाहिजे. प्रवाशाने मागायची वाट बघायची नाही. आपल्याकडे मागूनही हे उत्तर येतं.

बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिलात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे अशा वेळी कळवण्याआधीचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून पैसे गेले की आधी कार्ड बंद करा, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका. मी पहिला पाऊण तास विमान कंपनीच्या हेल्पलाइनवर संगीत ऐकत घालवला. तेवढ्या वेळात पैसे पुढच्या खात्यात गेले होते.

त्या गाडीतल्या तिघांपैकी कोणी हे वाचत असेल, आजी-आजोबांच्या घरचं कोणी वाचत असेल, तर कृपया तुमच्या ४,५०० च्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि आपापल्या ठिकाणी लेखी तक्रार द्या. क्यूआरवरचं नाव आपल्या चौघांच्याही फोनमध्ये आहे. एकाच नावावर चार तक्रारी आल्या, तर त्याला भाड्याचा वाद म्हणणं त्यांना जड जाईल.